एका ‘साठी’चे दोन वाटेकरी : स्पॅनिशमधले ‘पोर’ आणि ‘पारा’

‘त्राबाहो पारा मी एर्मानो’ आणि ‘त्राबाहो पोर मी एर्मानो’. स्पॅनिशमधली ही दोन वाक्यं. ‘त्राबाहो’ म्हणजे मी काम करतो, ‘मी एर्मानो’ म्हणजे माझा भाऊ. फरक आहे तो मधल्या एका शब्दाचा. शब्दकोश उघडला तर दोन्ही शब्दांसमोर पहिला अर्थ बहुधा ‘साठी’ असाच सापडतो. म्हणून शिकणारा दोन्ही वाक्यं ‘मी माझ्या भावासाठी काम करतो’ अशी वाचतो आणि पुढे जातो. पण स्पॅनिश माणसाच्या कानाला पहिल्या वाक्यात भाऊ मालक आहे. दुकान त्याचं, पगार देणारा तो. दुसऱ्या वाक्यात भाऊ आज कामावर आलेला नाही, तो आजारी असेल किंवा गावाला गेला असेल, आणि मी त्याच्या बदली उभा आहे. हेच वाक्य जरा वेगळ्या संदर्भात ‘भावाच्या प्रेमापोटी मी राबतो आहे’ असंही सांगू शकतं. भाऊ मालक आहे, एवढं मात्र ते सांगत नाही.

पोर आणि पारा यांची खरी अडचण इथेच आहे. क्रियापद चुकीचं चालवलं तर ऐकणाऱ्याला लगेच खटकतं, तो आपल्याला दुरुस्त करतो. या दोन शब्दांची अदलाबदल झाली, तर पुष्कळदा वाक्य व्याकरणाने अगदी शुद्ध राहतं, फक्त ते भलतंच काही सांगू लागतं. ऐकणारा मान डोलावतो, आणि आपला भाऊ मालक आहे असं समजून घरी जातो.

पाठ्यपुस्तकं यावर यादीचा उपाय करतात. पोरचे दहा-बारा उपयोग डावीकडे, पाराचे सात-आठ उजवीकडे, आणि मुलं ते पाठ करतात. परीक्षेत गाळलेल्या जागा भरताना यादी उपयोगी पडते. बोलताना पडत नाही, कारण वाक्य तोंडातून निघत असताना ‘हा कितवा उपयोग?’ असं कुणी मोजू शकत नाही. या शब्दांच्या जन्मकथेत मात्र एक धागा आहे. तो एकदा हाती आला की यादीतले निम्म्याहून अधिक उपयोग आपोआप जागेवर बसतात.

लॅटिनमध्ये ‘पेर’ आणि ‘प्रो’ असे दोन वेगळे शब्द होते. पेर म्हणजे आरपार, मधून, एखाद्याच्या द्वारे. प्रो म्हणजे एखाद्याच्या वतीने, बदल्यात, बाजूने. फ्रेंचने ही जोडी ‘पार’ आणि ‘पूर’ अशी वेगळी सांभाळली. स्पॅनिशमध्ये मात्र दोन्ही एकत्र मिसळून ‘पोर’ हा एकच शब्द उरला. पोरच्या अंगावर इतके अर्थ का आहेत, याचं उत्तर यात आहे : तो दोन घरांचा वारस आहे. पुढे या पोरला ‘आ’ हा शब्द जोडला गेला. ‘आ’ म्हणजे ‘कडे’, एखाद्या ठिकाणाच्या रोखाने. पोर अधिक आ, म्हणजे ‘पोरा’. ‘मिओ सिद’ या स्पॅनिशमधल्या जुन्या वीरकाव्यात हे ‘पोरा’ रूप प्रत्यक्ष भेटतं. हळूहळू त्याचा ‘पारा’ झाला. म्हणजे पाराच्या पोटात ‘आ’ बसलेला आहे आणि तो बोट पुढे दाखवतो. पोरमध्ये तो नाही. पोर वाटेत रेंगाळतो, किंवा मागे वळून पाहतो.

याचा स्वच्छ नमुना रेल्वेत सापडतो. माद्रिद ते सेव्हिल हा स्पेनमधला पहिला अतिवेगवान रेल्वेमार्ग १९९२ साली सुरू झाला, आणि वाटेत कोर्दोबा लागतं. त्या गाडीबद्दल एका दमात म्हणता येतं : ‘एल त्रेन पारा सेबिया पासा पोर कोर्दोबा’. सेव्हिलला जाणारी गाडी कोर्दोबावरून जाते. सेव्हिल मुक्काम आहे, म्हणून पारा. कोर्दोबा वाट आहे, म्हणून पोर. आपल्याकडच्या फलाटावर ‘मनमाडमार्गे’ अशी घोषणा होते, त्यातला ‘मार्गे’ म्हणजे हा पोर. आता दोन शब्दांची अदलाबदल करून पाहा. ‘एल त्रेन पोर सेबिया’ म्हटलं की सेव्हिल मुक्काम राहत नाही, ते वाटेतलं एक ठिकाण होतं, आणि तिथे उतरणारा प्रवासी गोंधळून विचारेल की मग गाडी जाते कुठे?

स्थळाच्या बाबतीत पोर नुसत्या ‘मार्गे’वर थांबत नाही. ‘एन्त्रो पोर ला बेन्ताना’, तो खिडकीतून आत आला. ‘पासेओ पोर एल पार्के’, मी बागेतून फिरतो. इथे बागेला पोचायचं नाही, बागेच्या आत हिंडायचं आहे. त्याउलट ‘बोय पारा एल पार्के’, मी बागेकडे निघालो आहे, अजून वाटेत आहे. आणि ‘बीबे पोर आकी’ म्हणजे तो इकडेच कुठेतरी राहतो. नेमकं घर माहीत नाही, पण हाच परिसर. हा ‘कुठेतरी’चा सैलपणा पोरमध्ये स्थळाबरोबर काळातही दिसतो, त्याच्याकडे पुढे येऊच.

मुक्कामासाठी स्पॅनिशमध्ये नुसता ‘आ’ही चालतो, आणि रोजच्या बोलण्यात तोच जास्त ऐकू येतो. ‘बोय आ सेबिया’, मी सेव्हिलला जातो. मग ‘बोय पारा सेबिया’ कधी? निघण्याचा, वाटेला लागल्याचा भाव असेल तेव्हा. फोनवर ‘कुठवर आलास?’ असं विचारलं की उत्तर येतं ‘बोय पारा आया’, तिकडेच येतोय. आपल्या ‘पुण्याला जातो’ आणि ‘पुण्याकडे निघालो’ यांत जेवढं अंतर आहे, साधारण तेवढंच.

स्थळाचं कोडं असं पटकन सुटतं. कारण आणि हेतू यांचं कोडं अधिक अवघड आहे, आणि मला ते या विषयातलं सर्वांत मोलाचं वाटतं. मराठीत ‘का?’ हा एकच प्रश्न दोन दिशांना विचारता येतो. ‘तू स्पॅनिश का शिकतोस?’ याचं उत्तर ‘आवडते म्हणून’ असं देता येतं आणि ‘मेक्सिकोत नोकरी करायची आहे म्हणून’ असंही. स्पॅनिशमध्ये प्रश्न विचारतानाच दिशा ठरवावी लागते. ‘पोर के एस्तूद्यास एस्पान्योल?’ हा प्रश्न मागे पाहतो : कशामुळे शिकतोस, काय घडलं, कशाने ओढ लागली? उत्तर : ‘पोर्के मे गूस्ता’, कारण मला आवडते. ‘पारा के एस्तूद्यास एस्पान्योल?’ हा प्रश्न पुढे पाहतो : शिकून काय करणार? उत्तर : ‘पारा त्राबाहार एन मेहिको’, मेक्सिकोत काम करायला. एवढं खरं की ‘पोर के’ हा प्रश्न रोजच्या वापरात सैल झाला आहे आणि त्याला हेतूचं उत्तरही चालून जातं. ‘पारा के’ला मात्र नुसतं कारण सांगून भागत नाही.

मराठीतही या दुसऱ्या प्रश्नासाठी वेगळा शब्द आहे : ‘कशाला?’ गंमत म्हणजे दोघांचा सूरही सारखा लागतो. ‘कशाला गेलास तिथे?’ यात विचारणा कमी आणि नाराजी जास्त असू शकते. ‘पारा के?’ असं एखादा स्पॅनिश माणूस खांदे उडवून म्हणतो तेव्हा त्यातही ‘काय उपयोग?’ हेच असतं. अनोळखी माणसाला सहज प्रश्न विचारायचा असेल, तर ‘पोर के’ अधिक सौम्य पडतो.

या जोडीचा मला सर्वांत आवडणारा नमुना औषधाच्या दुकानातला आहे, कारण त्यात नाम एकच राहतं आणि दोन्ही शब्द त्याच्यासमोर येतात. गिऱ्हाईक म्हणतं, ‘नो द्वेर्मो पोर ला तोस’. तोस म्हणजे खोकला. खोकल्यामुळे मला झोप लागत नाही. खोकला मागे आहे, जागरणाचं कारण आहे, म्हणून पोर. लगेच पुढचं वाक्य, ‘आल्गो पारा ला तोस’, खोकल्यावर काहीतरी द्या. खोकला तोच, पण आता औषधाचा रोख त्याच्याकडे आहे, म्हणून पारा. मराठी माणूस इथे हमखास अडखळतो. औषध खोकला व्हावा म्हणून नसतं, तो जावा म्हणून असतं. मग खोकला हा हेतू कसा? पण पारा ‘व्हावा’ की ‘जावा’ याची चौकशी करत नाही. तो एवढंच पाहतो की बाण कुणाकडे सुटला आहे. आपण ‘खोकल्यासाठी औषध’ म्हणतो तेव्हा आपणही ती चौकशी करत नाहीच.

माणसाचं नाव किंवा सर्वनाम आलं की फरक अधिक नाजूक होतो. ‘लो ईसे पारा ती’ म्हणजे मी हे तुझ्यासाठी केलं, आणि ते तुला मिळणार आहे. स्वेटर विणला असेल, लाडू केले असतील. ‘लो ईसे पोर ती’ म्हणजे तुझ्याखातर केलं, तुझ्यापायी केलं. तुला काही मिळालंच पाहिजे असं नाही; मला करायला लावलं ते तुझ्या असण्याने. नोकरी सोडली, गाव सोडलं, खोटं बोललो, हे सगळं ‘पोर ती’. मराठीत ‘साठी’ दोन्हीकडे धावून येतो आणि फरक झाकून टाकतो. पण ‘खातर’, ‘पायी’, ‘पोटी’, ‘मुळे’ हे शब्द आपल्याकडे आहेतच, आणि ते फक्त पोरच्या बाजूला बसतात. म्हणून शिकणाऱ्याने ‘साठी’ मनात आला की एक करावं : त्या जागी ‘खातर’ किंवा ‘मुळे’ घालून पाहावा. वाक्य टिकलं तर पोर. ‘-ला द्यायला’ किंवा ‘करता यावं म्हणून’ घालून टिकलं तर पारा. हे सगळीकडे लागू पडत नाही, पण माणसं आणि कारणं यांच्या बाबतीत ते क्वचितच फसवतं.

क्रियापदाच्या मूळ रूपाआधीही हाच हिशेब चालतो. ‘पोर सेर एक्स्त्रान्हेरो, पागा मास’ : परदेशी असल्यामुळे तो जास्त पैसे भरतो. आता पारा घालून पाहा : ‘पारा सेर एक्स्त्रान्हेरो, आब्ला ब्येन’. याचा अर्थ परदेशी होण्यासाठी तो छान बोलतो, असा नाही. अर्थ आहे : परदेशी असूनही, परदेशी माणसाच्या मानाने, तो छान बोलतो. पाराने इथे एक माप समोर ठेवलं. परदेशी माणसाकडून एवढीच अपेक्षा, आणि हा तर तिच्या पुढे गेला. स्पेनमध्ये किंवा लॅटिन अमेरिकेत आपल्याला असं कौतुक कधी ना कधी ऐकायला मिळतंच, तेव्हा त्यातला ‘मानाने’ हा भाव ओळखता यायला हवा.

आता काळ. इथे पारा सोपा आहे. तो मुदत सांगतो. ‘नेसेसीतो एल इन्फोर्मे पारा एल ब्येर्नेस’, मला अहवाल शुक्रवारपर्यंत हवा. शुक्रवार म्हणजे काळातला मुक्काम, काम तिथे जाऊन पोचलं पाहिजे. लॅटिन अमेरिकेतल्या बऱ्याच देशांत घड्याळही असंच वाचतात : ‘द्येस पारा लास ओचो’, आठला दहा कमी. काटा आठच्या रोखाने निघाला आहे आणि दहा मिनिटांची वाट उरली आहे. स्पेनमध्ये हेच ‘ओचो मेनोस द्येस’ असं, सरळ वजाबाकीने म्हणतात.

पोर काळाच्या आत राहतो. दिवसाचा भाग सांगायचा तर पोर : ‘पोर ला मान्याना’ सकाळी, ‘पोर ला नोचे’ रात्री. ‘मान्याना’ या शब्दाचे ‘सकाळ’ आणि ‘उद्या’ असे दोन अर्थ असल्यामुळे इथे एक सुंदर जोडी तयार होते. ‘लो आगो पोर ला मान्याना’, मी ते सकाळी करतो. ‘लो आगो पारा मान्याना’, मी ते उद्यापर्यंत करून ठेवतो. कारागिराने यातलं कोणतं वाक्य म्हटलं याकडे कान ठेवून असावं, कारण पहिल्यात फक्त वेळ आहे आणि दुसऱ्यात वायदा.

पोरचा तो सैलपणा इथे पुन्हा भेटतो. ‘ब्येने पोर नाबिदाद’, तो नाताळच्या सुमारास येतो. दोन दिवस आधी, चार दिवस नंतर, नेमकं सांगता येत नाही. ‘ब्येने पारा नाबिदाद’, तो नाताळला इथे असेल अशा बेताने येतो. घरच्यांनी ताट वाढून ठेवायचं ते दुसऱ्या वाक्याच्या भरवशावर.

मुदत आणि दिवसाचा भाग यांत फारसं कुणी चुकत नाही. चूक होते ती कालावधीत, आणि ती मराठीतून शिकणाऱ्यांकडून ठराविक प्रकारे होते. ‘मी दोन वर्षांसाठी माद्रिदला राहिलो’ असं आपण हल्ली सहज बोलतो, आणि ‘साठी’ म्हणजे पारा हे डोक्यात पक्कं असल्यामुळे ‘पारा दोस आन्योस’ असं लिहून मोकळे होतो. स्पॅनिशमध्ये हे चुकीचं आहे. जे राहून झालं, त्याला पुढचा रोख कसा असेल? बरोबर वाक्य म्हणजे ‘बीबी दोस आन्योस एन माद्रिद’, मी दोन वर्षं माद्रिदमध्ये राहिलो. मध्ये कोणताच शब्द नाही. आपली जुनी मराठीही असंच म्हणते, ‘दोन वर्षं राहिलो’, आणि ती इथे अधिक चांगली मार्गदर्शक आहे. शब्द घालायचाच असेल तर ‘दुरान्ते’, म्हणजे ‘च्या दरम्यान’, हा निर्धोक. लॅटिन अमेरिकेत ‘पोर दोस आन्योस’ही सर्रास ऐकू येतं.

मग कालावधीसमोर पारा कधीच येत नाही का? येतो, आणि तिथे अर्थ पूर्ण बदलतो. ‘से फ्वे पोर ऊन मेस’, तो महिनाभरासाठी गेला. महिना म्हणजे त्याच्या नसण्याची लांबी. ‘त्येने कोमीदा पारा ऊन मेस’, त्याच्याकडे महिनाभर पुरेल एवढं अन्न आहे. इथे महिना समोर पसरलेला आहे आणि शिधा त्याच्यासाठी राखून ठेवलेला आहे. मराठीत दोन्हीकडे ‘महिन्यासाठी’ म्हणता येतं. म्हणून इथे कसोटी ‘पुरेल’ या शब्दाची. ‘पुरेल इतकं’ घालता आलं तर पारा. ‘भर’ लावता आलं, म्हणजे महिनाभर, दिवसभर, आणि पुरण्याचा प्रश्न नसला, तर पोर किंवा काहीच नाही.

किंमत, अदलाबदल आणि आभार ही सगळी पोरची हद्द आहे, कारण त्यात एका गोष्टीच्या बदल्यात दुसरी येते. ‘कोम्प्रे एल लीब्रो पोर स्येन पेसोस’, पुस्तक शंभर पेसोंना घेतलं. ‘स्येन पेसोस पारा एल लीब्रो’ म्हणजे पुस्तक घ्यायला बाजूला काढलेले शंभर पेसो. पुस्तक अजून दुकानातच आहे. ‘ग्रास्यास पोर बेनीर’, आल्याबद्दल आभार. पाहुणा येऊन गेला आणि त्याच्या येण्याच्या मोबदल्यात आभार दिले, म्हणून पोर. आपला ‘बद्दल’ इथे चपखल बसतो. तरीही ‘ग्रास्यास पारा’ ही चूक वर्गात वारंवार ऐकू येते, आणि ती करणाऱ्यांत शाळेत फ्रेंच घेतलेली मुलं पुष्कळ असतात. फ्रेंचमध्ये आभारानंतर ‘पूर’ येतो, आणि तोच पूर हेतूलाही लागत असल्यामुळे त्यांच्या मनात त्याची गाठ पाराशी पडलेली असते. पोर्तुगीज येणाऱ्याला ही अडचण नाही. त्या भाषेत पोर आणि पारा अशीच जोडी आहे आणि वाटणीही बरीचशी अशीच, त्यामुळे शाळेत पोर्तुगीज शिकलेल्या गोव्यातल्या जुन्या पिढीला स्पॅनिशचा हा धडा अर्धा आधीच येत असतो.

फ्रेंचपेक्षाही मोठा अडसर इंग्रजीचा आहे. आपण स्पॅनिश बहुतेक वेळा इंग्रजी पुस्तकांतून शिकतो. इंग्रजीत वाट पाहणं, शोधणं, मागणं या क्रियापदांना ‘फॉर’ लागतो. त्यामुळे विद्यार्थी ‘एस्पेरो पारा एल आउतोबूस’ असं लिहितो. स्पॅनिशमध्ये इथे काहीही लागत नाही : ‘एस्पेरो एल आउतोबूस’, मी बसची वाट पाहतो, ‘बूस्को एल लीब्रो’, मी पुस्तक शोधतो. मराठीतही आपण ‘पुस्तकासाठी शोधतो’ म्हणत नाही. थेट मराठीतून विचार केला असता, तर ही चूक झालीच नसती.

सीमा मात्र सगळीकडे इतकी रेखीव नाही. हेतूसुद्धा माणसाला आतून ढकलत असतो, म्हणजे तो एका परीने कारणच. म्हणून लढणं, झटणं, मत देणं अशा क्रियापदांना पोर लागतो : ‘लुचार पोर ला लिबेर्ताद’, स्वातंत्र्यासाठी लढणं. स्वातंत्र्य पुढे आहे हे खरं, पण लढणाऱ्याच्या मनात ते आधीपासून पेटलेलं आहे. काणाडोळा करायला हरकत नाही अशा जागाही आहेत. ‘तुला मदत करावी म्हणून’ हे पोर आणि पारा दोन्हींनी सांगता येतं, आणि स्पॅनिश माणसालाही त्यातला फरक विचारला तर तो थांबून विचार करेल.

काही ठिकाणी देश बदलला की शब्द बदलतो. पाव आणायला जाताना मेक्सिकोतला माणूस ‘बोय पोर पान’ म्हणतो, स्पेनमधला ‘बोय आ पोर पान’. हा ‘आ पोर’ अटलांटिकच्या पलीकडे विचित्र वाटतो, पण रॉयल स्पॅनिश अकादमीला त्यात गैर वाटत नाही. ‘एस्ता पोर योबेर’ म्हणजे लॅटिन अमेरिकेत पाऊस पडण्याच्या बेतात आहे. स्पेनमध्ये ‘एस्तार पोर’चा ठरलेला अर्थ वेगळा आहे : ‘ला कासा एस्ता पोर लिंप्यार’, घर झाडायचं राहिलं आहे. त्याच क्रियापदाला पारा लावून नकार दिला की ‘नो एस्तोय पारा ब्रोमास’, मी थट्टामस्करीच्या मन:स्थितीत नाही. मत देतानाही हे दोघे वेगळे वागतात. ‘पारा मी, एस ऊन एर्रोर’, माझ्या मते ही चूक आहे. ‘पोर मी, नो आय प्रोब्लेमा’, माझ्याबाजूने काही अडचण नाही. पहिल्यात मी मत मांडतो, दुसऱ्यात मी वाटेतून बाजूला होतो.

लिहिण्यातही पोरची एक खूण पाहायला मिळते. गणितात गुणिले म्हणताना पोर वापरतात : ‘दोस पोर त्रेस’ म्हणजे दोन गुणिले तीन. गुणाकाराची फुली पोर अशी वाचली जाते, म्हणून तरुण मंडळी मोबाइलवर पोरऐवजी नुसता x टाइप करतात, आणि ‘पोर्के’ हा शब्द xq एवढ्यात उरकतात. पारा बोलण्यात झिजतो. ‘पारा आका’चं ‘पाका’ होतं, आणि ‘पा’ एवढंच उरतं. लॅटिन अमेरिकेतली गाणी ऐकताना हा ‘पा’ जागोजागी भेटतो. तो स्वतंत्र शब्द नाही, पाराच आहे, हे माहीत नसेल तर अर्थ लागत नाही.

आता एक चिठ्ठी पाहू. घरात वृद्ध आई आहे, मुलीला कामासाठी बाहेरगावी जायचं आहे, आणि शेजारीण आना आईजवळ थांबणार आहे. चिठ्ठीत लिहिलंय :

‘आना, साल्गो पारा कोर्दोबा पोर त्राबाहो. लास मेदिसीनास पारा मी माद्रे एस्तान एन ला मेसा. सी ते फाल्ता आल्गो, पासा पोर ला फार्मास्या. आय कोमीदा पारा दोस दीआस. ग्रास्यास पोर केदार्ते कोन एया. एस्तारे आकी पारा एल दोमिंगो. ते यामो पोर ला नोचे.’

कोर्दोबा मुक्काम आहे, म्हणून पारा. कामामुळे जावं लागतंय, म्हणून ‘पोर त्राबाहो’. या जागी ‘पारा त्राबाहार’, म्हणजे क्रियापद घालून ‘काम करायला’, असंही लिहिता आलं असतं. ते चूक नाही, पण मग मुलगी तिथे जाऊन काय करणार हे कळलं असतं. ‘पोर त्राबाहो’ने तिला जाणं भाग आहे हे कळतं, आणि शेजारणीवर भार टाकताना तेच सांगायला हवं. औषधं आईला द्यायची आहेत, म्हणून ‘पारा मी माद्रे’. ‘पोर मी माद्रे’ म्हटलं असतं, तर औषधं आईपायी कुणाला तरी घ्यावी लागत आहेत असा अर्थ निघाला असता. काही कमी पडलं तर औषधाच्या दुकानात जाऊन ये : ‘पासा पोर’. दुकान हा मुक्काम नाही, जाता येता पाय टाकायची जागा आहे. अन्न दोन दिवस पुरेल, म्हणून पारा. थांबल्याबद्दल आभार, म्हणून पोर. रविवारपर्यंत मी इथे असेन, म्हणून ‘पारा एल दोमिंगो’. यात रविवारच्या आधीही ती येऊ शकते, रविवार ही शेवटची हद्द. ‘एल दोमिंगो’ एवढंच लिहिलं असतं, तर रविवारीच, आधी नाही, असं आनाने धरलं असतं. आणि शेवटी ‘पोर ला नोचे’, रात्री कधीतरी फोन करते. नेमकी वेळ द्यायची असती तर पोर गेला असता आणि ‘आ लास नुएबे दे ला नोचे’, रात्री नऊला, असं ‘दे’ आलं असतं, कारण घड्याळाचा आकडा आला की पोरच्या सैलपणाला तिथे जागा राहत नाही.